वहीतल्या ४४ जादा कॅलरी

आहारतज्ज्ञ बाईंच्या सांगण्यावरून मी रोजचे खाणे वहीत लिहीत असे. वेष्टनावरची प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्धांशाला ९ कॅलरी धरून बेरीज करायची, एवढाच हिशेब होता, आणि क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या अमेरिकी प्रोटीन बारने तो बिघडवला. स्निग्धांश ८, कर्बोदके २३ आणि प्रथिने २० ग्रॅम, म्हणजे ७२, ९२ आणि ८० मिळून २४४ होतात; वेष्टनावर मात्र २०० छापले होते.

पहिला संशय पूर्णांकनावर गेला. अमेरिकी नियमांनुसार ५० च्या वरच्या कॅलरी जवळच्या दहाच्या पटीत लिहितात, आणि या तिन्ही घटकांचे आकडेही येथे पूर्ण ग्रॅममध्ये होते. प्रत्येक घटक अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी फरक साडेआठ कॅलरींचा, आणि खुद्द कॅलरींचा आकडा पाचाने सरकलेला असू शकतो. सगळी चूक एकाच दिशेने झाली, असे मानले तरी साडेतेराच्या पुढे जाता येत नाही. ४४ चा खड्डा त्याने भरणे शक्य नव्हते.

वही पाहून बाईंनी विचारले, “फायबर किती आहे हो?” ती ओळच मला दिसली नव्हती, कारण आयातदाराने आपले किमतीचे स्टिकर नेमके तिच्यावर चिकटवले होते. नखाने ते सोलल्यावर १४ ग्रॅम हा आकडा निघाला.

अमेरिकी लेबलावर तंतू एकूण कर्बोदकांतच मोजलेले असतात, त्यामुळे मी त्या १४ ग्रॅमलाही ४ ने गुणत होतो. उत्पादकाला मात्र ते वगळता येतात. विरघळणाऱ्या तंतूंना ग्रॅममागे २ कॅलरी धरायच्या आणि न विरघळणाऱ्यांना शून्य. सगळे तंतू विरघळणारे असते, तर २४४ मधून २८ जाऊन २१६ उरले असते. एकही विरघळणारा नसता, तर ५६ जाऊन १८८. छापलेले २०० या दोहोंच्या मधे बसतात. उदाहरणार्थ, ८ ग्रॅम विरघळणारे आणि ६ न विरघळणारे धरले तर २०४ येतात आणि ते २०० असे लिहिले जातात. खरी विभागणी लेबलावर नव्हती, तेव्हा हा माझा अंदाजच.

तंतू वजा करायचे, हे एकदा कळल्यावर मी उत्साहाने ते सगळीकडे वजा करू लागलो आणि युरोपातून आलेल्या कुरकुरीत पोळीवजा बिस्किटांपाशी पुन्हा अडलो. तेथे १०० ग्रॅममध्ये स्निग्धांश ९, कर्बोदके ६० आणि प्रथिने ११ ग्रॅम, म्हणजे ३६५ कॅलरी, तर छापलेल्या ३९७. या वेळी बेरीजच कमी पडत होती. युरोपात कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरतच नाहीत. ते वेगळ्या ओळीत येतात आणि त्यांना ग्रॅममागे २ कॅलरी मिळतात. त्या ओळीत १६ ग्रॅम होते, म्हणजे नेमक्या ३२ कॅलरी.

आता वहीत तंतूंचा वेगळा रकाना आहे आणि त्याच्या डोक्यावर, अधिक की वजा हे ठरवण्यासाठी, माल कोणत्या देशाचा ते लिहिलेले असते.