अंदाजपत्रकातून उलगडलेलं पुस्तक

पुस्तक जुन्या छापखान्यांतल्या खिळे जुळवणाऱ्या कामगारांवरचं. नऊ प्रकरणांपैकी सहा लिहून झाली होती, तीन बाकी होती आणि नोकरी सांभाळून ती होत नव्हती. म्हणून लेखनवृत्तीसाठी अर्ज करायचं ठरवलं. अर्जाला तीन गोष्टी जोडायच्या होत्या: नमुना मजकूर, कामाचा आराखडा आणि अंदाजपत्रक. बहुतेक लोक याच क्रमाने कामाला लागतात आणि अंदाजपत्रक शेवटच्या रात्री उरकतात. मी ते आधी हाती घेतलं. आकडे मांडायला बसलं की पुस्तकात नेमकं काय उरलंय ते लपवता येत नाही.

माझ्याकडे सुमारे वीस तासांच्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण पडून होतं. एक तासाचं बोलणं नीट उतरवून काढायला चार ते सहा तास जातात. छापखान्यातल्या यंत्रांचा आवाज मागे असेल तर जास्तच. पाच तासांच्या हिशेबाने शंभर तास झाले, आणि रोज चार तास बसले तरी पंचवीस दिवस! म्हणजे वृत्तीच्या सहा महिन्यांतला महिनाभर नुसता टंकलेखनात जाणार. त्यामुळे उतरवण्याचं काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि मी फक्त मूळ आवाज ऐकत तपासायचं असं ठरलं. कामगारांच्या तोंडचे धंद्यातले शब्द आणि माणसांची नावं बाहेरच्याला हमखास चुकीची ऐकू येतात, त्यामुळे तपासणी सोडून चालणार नव्हतं. अंदाजपत्रकातली एक ओळ अशी तयार झाली आणि तिच्यासोबत आराखड्याचे पहिले पाच आठवडेही ठरून गेले.

पुढचा हिशेब शब्दांचा. तीन प्रकरणं, प्रत्येकी साधारण सात हजार शब्दांची, म्हणजे एकवीस हजार. माझा खरा वेग लिहिण्याच्या दिवशी पाचशे शब्द. आठवड्यातले चार दिवस लिहायचे धरले तर अकरा आठवडे लागतात. इथे रोज दोन हजार शब्द लिहीन असं दाखवण्याचा मोह होतो, पण निवड समितीत बसणारे लोक स्वतः लिहिणारेच असतात, त्यांना असला वेग पटत नाही. अकरा आठवड्यांनंतर दोन आठवडे हस्तलिखित दोन वाचकांकडे, मग सहा आठवडे सगळ्या पुस्तकाचं पुनर्लेखन आणि शेवटचे दोन आठवडे संदर्भ व छायाचित्रांच्या परवानग्या. एकूण सव्वीस. पुनर्लेखनाला वेगळा वेळ न ठेवलेला आराखडा मला तरी संशयास्पद वाटतो.

एकूण मागणी शंभर भाग धरली तर माझी विभागणी अशी होती: राहण्याखाण्याचा खर्च साठ, मुलाखती उतरवून घेणं पंधरा, उरलेल्या दोन मुलाखतींचा प्रवास बारा, छायाचित्रं आठ, अडीअडचणीसाठी पाच. प्रत्येक आकड्यापुढे एका ओळीत तो कुठून आला ते लिहिलं. उतरवण्याच्या रकमेपुढे तास आणि दर, प्रवासापुढे कोणाला आणि कोणत्या प्रकरणासाठी भेटायचं ते. 'संशोधन खर्च' असं मोघम लिहून एक गोल रक्कम टाकली की तीच आधी कापली जाते. संगणक, पुस्तकाची छपाई आणि वृत्ती सुरू होण्याआधी झालेला खर्च नियमांत बसत नव्हता, त्यामुळे तो धरला नाही. वृत्तीवर कर लागतो का हे मात्र आधीच विचारून घ्यावं. लागत असेल तर हातात येणारी रक्कम वेगळीच असते.

खरी मेख हप्त्यांत होती. पन्नास भाग करार झाल्यावर, तीस मध्यावधी अहवालानंतर, वीस पूर्ण हस्तलिखित दिल्यावर. आता पहिल्या तीन महिन्यांचा खर्च बघा: राहणं तीस, प्रवास बारा, उतरवणं पंधरा. झाले सत्तावन्न, आणि हातात पन्नास. एकूण बेरीज बरोबर असूनही तिसऱ्या महिन्यातच खिसा रिकामा होतो. उतरवून देणाऱ्या व्यक्तीशी बोलून आठ भाग आधी आणि सात दुसऱ्या हप्त्यानंतर असं ठरवलं आणि ते अंदाजपत्रकाच्या तळटिपेत लिहिलं. तेराव्या आठवड्यापर्यंत सोळा हजार शब्द होतात, म्हणजे मध्यावधी अहवालासोबत दोन प्रकरणं देता येतील, तेही ताडून पाहिलं.

नमुन्याची निवड या सगळ्यानंतर केली. माझं पहिलं प्रकरण सर्वांत घोटलेलं होतं, पण त्यात इतिहासाची पार्श्वभूमीच जास्त. पैसे मागत होते मुलाखतींच्या कामासाठी, तर मुलाखतींतून प्रकरण कसं उभं राहतं ते दिसायला हवं. म्हणून चौथ्या प्रकरणातला तुकडा घेतला. त्यात एक निवृत्त कामगार बोटांनी हवेत खिळ्यांच्या पेटीचे कप्पे दाखवतो, कुठल्या अक्षराचा कप्पा हाताशी आणि कुठला लांब ते सांगतो. वर चार ओळींचं टिपण: हा भाग पुस्तकात कुठे येतो आणि आधी काय घडून गेलंय. शब्दमर्यादा संपते तिथे वाक्य तुटू नये म्हणून मर्यादेच्या थोडं अलीकडेच थांबले. परीक्षण नाव झाकून होणार होतं. अशा वेळी शीर्षपृष्ठावरचं नाव सगळेच काढतात, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं, पानांच्या माथ्यावरचं आणि फाइलच्या नावातलं राहून जातं. ते वेगळं तपासावं लागतं.

याच सुमारास एका निवासी वृत्तीचीही माहिती मिळाली होती. राहायला खोली, जेवणखाण आणि महिनाभर एकांत. पण माझ्या पहिल्या पाच आठवड्यांच्या कामाला तिचा काही उपयोग नव्हता, मुलाखती खोलीत बसून होत नाहीत. तिथे पुनर्लेखनाचे आठवडे चपखल बसले असते. तारखा मात्र जुळत नव्हत्या, विषय तिथेच संपला.

निवड समितीने बोलावलं तेव्हा नमुन्याबद्दल दोनच प्रश्न आले. मग एका सदस्यांनी विचारलं, "आम्ही ऐंशी टक्केच देऊ शकलो तर तुम्ही काय गाळाल?" उत्तर तयार होतं. छायाचित्रांचे सहा भाग, कारण आठ-दहा चित्रांऐवजी दोन चालतील. प्रवासाचे चार, कारण दोनपैकी एक मुलाखत फोनवर होऊ शकते. राहण्याच्या खर्चातले दहा, कारण एक महिना मुद्रितशोधनाचं काम घेऊन तो मी स्वतः भागवीन. उतरवण्याच्या पंधराला हात लावणार नाही, तो गेला तर वेळापत्रकच कोसळेल.

"आणि अडीअडचणीचे पाच?" त्यांनी विचारलं.

"ते ठेवलेत," मी म्हटलं. "कोणाची तब्येत बिघडली तर त्या माणसाला पुन्हा भेटायला जावं लागेल. ही सगळी वयस्कर मंडळी आहेत."

वृत्ती मिळाली, ऐंशी टक्केच. सुधारित अंदाजपत्रक पाठवायला आठवड्याची मुदत होती, पण आकडे हाताशी असल्याने त्याच संध्याकाळी पाठवलं. करारात एक कलम होतं की पुस्तक छापून येईल तेव्हा संस्थेचा ऋणनिर्देश असावा. दुसऱ्या कलमात मजकुराचे हक्क कोणाकडे ते संदिग्ध होतं. सही करण्याआधी ते लेखी विचारलं आणि 'हक्क लेखिकेकडेच' अशी ओळ घालून घेतली.