नानांच्या निरोपाची तीन मिनिटं

आमच्या कार्यालयात ३१ मे म्हणजे निरोपांचा हंगाम. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख टाकली, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे अठ्ठावन्न पूर्ण करणारे निम्मेअधिक लोक एकाच दिवशी बाहेर पडतात. २०२५ साली ३१ तारीख शनिवारी आली, म्हणून कार्यक्रम शुक्रवारी, ३० तारखेला ठेवला. सत्कारमूर्ती तीन. त्यातले एक आमचे आवक-जावकचे नाना. त्यांच्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. "मॅडम, तीन मिनिटं. जास्त नको," असं बजावून.

तीन मिनिटांना काय लागतं, असं वाटून मी आठवडाभर स्वस्थ होते. मग आस्थापनेकडून माहितीपत्रक आलं, आणि माझा राग अजूनही त्या कागदावर आहे. नाव, जन्मतारीख, शिक्षण, रुजू दिनांक, बदल्यांची यादी. शेवटी 'विशेष कार्य' असा रकाना आणि त्यात एकच ओळ: 'प्रामाणिकपणे व निष्ठेने सेवा बजावली.' बाकीच्या दोघांची पत्रकं मागवून पाहिली. त्यांच्यातही तीच ओळ, त्याच अक्षरात. चौतीस वर्षं एका माणसाने टपाल सांभाळलं आणि आमच्याकडे त्याच्याबद्दल एक ओळ, तीही तिघांत वाटून घेतलेली.

कार्यालयाच्या ग्रुपवर टाकलं, "नानांबद्दल एखादी आठवण कळवा." बावीस उत्तरं आली. त्यांत सोळा हात जोडलेले, बाकी सगळी 'देवमाणूस', 'मनमिळाऊ', 'कधी कुणाला दुखावलं नाही'. यातलं प्रत्येक विशेषण इतर दोघांनाही लागू पडत होतं, आणि नेमकी तीच अडचण होती. तरी मी ते सगळं जोडून सहाशे चाळीस शब्दांचं भाषण लिहिलं. घरी मोठ्याने वाचलं तर साडेसहा मिनिटं झाली. (मनातल्या मनात वाचून वेळ लावू नका, निम्मीच भरते. माझ्या बोलण्यात मिनिटाला शंभरेक शब्द बसतात, म्हणजे तीन मिनिटांना तीनशे.) मुलगी ऐकत होती. म्हणाली, "आई, हे गेलेल्या माणसाबद्दल आहे का?"

एक किस्सा मात्र मिळाला होता, आणि तो जोरदार होता. २०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी आत शिरलं तेव्हा नानांनी म्हणे नोंदवह्यांचे गठ्ठे डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेले. तिघांनी तिखटमीठ लावून सांगितला. सहज खात्री करायला नानांकडे विषय काढला तर ते हसत सुटले. "मी कुठला? मी घरातली भांडी माळ्यावर चढवत होतो. ते रेकॉर्डवाले भाऊ होते." ते भाऊ कार्यक्रमाला पुढच्याच रांगेत बसणार होते. त्या दिवसापासून ऐकीव किस्सा विचारल्याशिवाय बोलायचा नाही, हे मी पक्कं केलं.

अडकले ते इथे. चार दिवस कागद कोराच. शेवटी चिडून आमच्या शिपाईमामांना विचारलं, "मामा, नाना चांगले आहेत ते कळलं. ते रजेवर असले की काय अडतं ते सांगा."

मामा लगेच म्हणाले, "तारीख बदलत नाही."

नाना रोज सकाळी आल्यावर आधी शिक्क्याची चाकं फिरवून तारीख बदलतात आणि पहिला ठसा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात मारून बघतात. उलटी तर नाही, फिकी तर नाही. मुलीच्या लग्नाला ते चार दिवस रजेवर गेले आणि चार दिवसांचं टपाल एकाच तारखेने आत आलं. परत आल्यावर त्यांनी एकेका कागदावर तारीख दुरुस्त करून बाजूला सही केली. मी जाऊन कॅलेंडर पाहिलं. खरंच, प्रत्येक कामाच्या दिवशी जांभळा ठसा, सुट्ट्या कोऱ्या. दहा वर्षं मी त्या भिंतीसमोरून चहाला जातेय.

एक धागा लागला की पुढचं आपोआप येतं. दुसऱ्या दिवशी तासभर त्यांच्या खिडकीशी जाऊन बसले. एक म्हातारी अर्ज घेऊन आली, दुसरी प्रत नव्हती. झेरॉक्सला जा म्हणण्याऐवजी नानांनी तिच्याकडून एसटीचं तिकीट मागून घेतलं आणि मागे आवक क्रमांक आणि तारीख लिहून दिली. "हे हरवू नका आज्जी. पुढच्या वेळी हा नंबर सांगा, म्हणजे कुणी अर्ज आलाच नाही म्हणणार नाही."

भाषण त्या रात्री अर्ध्या तासात झालं. त्यातला मधला भाग असा होता:

"नाना, तुमच्या खिडकीसमोरचं कॅलेंडर मी परवा पहिल्यांदा नीट पाहिलं. रोज एक ठसा. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक कागदाला आजची तारीख मिळावी, म्हणून तुम्ही तो आधी भिंतीवर मारून बघता. तुम्ही रजेवर गेलात की या कार्यालयात कालचाच दिवस चालू राहतो, हे मामांनी मला सांगितलं. आणि ज्या आज्जीकडे दुसरी प्रत नव्हती, तिला तुम्ही एसटीच्या तिकिटावर पोच दिलीत. या तालुक्यात किती जणांच्या पिशवीत तुमच्या अक्षरातली अशी तिकिटं असतील!"

रजेचा किस्सा सांगावा का, यावर मी बरीच घुटमळले, कारण चूक नानांची नव्हती, आमची होती. म्हणून चार दिवसांच्या टपालाची गोष्ट गाळली आणि एकच वाक्य ठेवलं. लोक हसले, साहेबही हसले. मानपानाची नावं घेतलीच नाहीत, ती सूत्रसंचालकाने आधी घेतलेली असतात. 'उपस्थित सर्व मान्यवर' एवढ्यावर निभावलं आणि मिनिटभर वाचलं. 'उर्वरित आयुष्य निरामय जावो' हेही गाळलं, माझ्याआधीच्या चौघांनी ते म्हटलंच होतं.

हे आधी सांगायला हवं होतं: क्रम सुरुवातीचा मागून घ्या. मी पाचवी होते, आधीच्या चौघांनी पन्नास मिनिटं खाल्ली, त्यात एकाने नानांचं सगळं बदल्यांचं पत्रक वाचून दाखवलं. हॉलमध्ये शाली, हार, उकाडा आणि मागे समोशांचा वास. आणि कागद जाड घ्या. माझं भाषण पंख्याच्या वाऱ्याने उडालं, पण तोवर कॅलेंडर आणि तिकीट दोन्ही पाठ झाले होते, त्यामुळे फारसं बिघडलं नाही. दोन मिनिटं पन्नास सेकंद, मामांनी घड्याळ लावलं होतं.

नाना उत्तराला उभे राहिले तेव्हा आधी म्हणाले, "माझा जन्म जूनचा नाही. आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा." मग बसले. त्या दिवसातलं सगळ्यांत छोटं भाषण त्यांचंच.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर पहिलं टपाल आलं. शिक्का ३० मेचा होता.