एकाच बागेची दोन कोटेशनं

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दुपारी अंबडहून एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाज शांत, पण त्यातला राग लपत नव्हता. "साहेब, कंपनी तुमची एकच ना? मग पाच एकर मोसंबीच्या ठिबकला एक जण शहाऐंशी हजार म्हणतो न् दुसरा एक लाख सत्तेचाळीस हजार. काहून? मला लुटायलाय कोण, तेवढं सांगा."

मी ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत जालना जिल्ह्याचं विक्रीचं काम बघतो. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. दोन्ही कोटेशनं व्हॉट्सॲपवर मागवून घेतली. वर आमचाच लोगो, खाली दोन वेगळ्या दुकानांचे शिक्के. एक अंबडच्या काकांचं. अठरा वर्षांपासून आमची डीलरशिप. दुसरं तीर्थपुरीच्या तरुण डीलरचं. त्याला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. बापू, म्हणजे तो शेतकरी, राहायला अंबड शहरात आणि बाग घनसावंगी तालुक्यात. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच होतं, पण ते दिसायला मला दोन दिवस लागले.

त्या दिवशी मी जे केलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच वाढलं. कागद नीट न वाचता मी काकांना फोन लावला आणि बोलून गेलो, "काका, तीर्थपुरीवाल्यानं एक सत्तेचाळीस लावलेत, तुमचे शहाऐंशी कसे?" काका म्हणाले, "अस्सं होय? बघतो." त्याच संध्याकाळी काका गाडी काढून थेट बापूंच्या शेतावर गेले. "तो पोरगा तुम्हाला कापू राहिला, मी ऐंशीत करून देतो," असं सांगून आले. रात्री साडेनऊला तीर्थपुरीच्या भाऊचा फोन. "साहेब, माझा भाव मी फक्त बापूंना दिला होता. तो काकांपर्यंत गेला कसा?" मी गप्प बसलो. त्याला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शेतावर गेलो. डीलरकडे गेलो असतो तर दोघांची बाजू ऐकण्यातच दिवस गेला असता, आणि शेत कोणाची बाजू घेत नाही. वीस बाय वीस फुटांवर लावलेली मोसंबी, झाडं आठ वर्षांची. बापूंनी २०१२ च्या दुष्काळात आधीची बाग टँकरनं जगवायचा प्रयत्न केला होता. ती गेली, त्यानंतर काही वर्षांनी ही उभी केली. त्यामुळे अनुदानाच्या रांगेत थांबायची त्यांची तयारी नव्हती, रोखीनं काम उरकायचं होतं. पाणी शेततळ्यातलं, काठावर हिरवं शेवाळ आलेलं.

शेवाळ बघितल्यावर दोन्ही कागदांचा उलगडा झाला. काकांनी शेत न बघता, दुकानात बसून कोटेशन दिलं होतं. झाडांच्या प्रत्येक ओळीला एक नळी धरली होती. पाच एकर म्हणजे साधारण वीस हजार चौरस मीटर. ओळींतलं अंतर सहा मीटर, म्हणजे ही नळी, आमच्या भाषेत लॅटरल, सव्वातीन-साडेतीन हजार मीटर. बापू "पाणी आपलं घरचं आहे" म्हणाले, त्याचा अर्थ काकांनी विहीर असा घेतला आणि साधा जाळीचा फिल्टर लावला. भाऊनं शेतावर येऊन टेप धरली होती. मोठ्या झाडाची मुळं दोन्ही बाजूंना पसरलेली असतात म्हणून ओळीला दोन नळ्या, म्हणजे लॅटरल थेट दुप्पट. आणि शेततळ्याच्या पाण्यासाठी वाळूचा फिल्टर. उघड्या पाण्यातलं शेवाळ जाळीवर बसलं की ती दर दोन दिवसांनी धुवावी लागते, आणि एखाद्या वेळी धुवायची राहिली की ड्रिपर बंद पडायला लागतात. ओळीतली चार झाडं आधी पिवळी पडतात, तेव्हा कुठं लक्षात येतं. तर भाव दोन नव्हतेच. माल दोन होता.

बापूंना हे बांधावर बसून समजावलं. मग आमच्या डिझाइनवाल्याकडून एक आराखडा काढून घेतला: किती मीटर कोणती नळी, कोणता फिल्टर, पाइप किती इंची. भाव कुठेच नाही. तो कागद बापूंच्या हातात दिला आणि म्हणालो, "हा घेऊन ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जा. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तरी हाच दाखवा." हे मी मुद्दाम बापूंमार्फत केलं. आदल्या दिवशी मीच एकाचा भाव दुसऱ्याच्या कानात घातला होता. आता दोन डीलरांच्या मधे पुन्हा मी उभा राहिलो असतो तर तोच प्रकार नव्यानं झाला असता.

मग खरं काम: दोघांना कार्यक्षेत्राचा नियम सांगणं. तोंडी सांगितलेला नियम आमच्या धंद्यात फार टिकत नाही. "साहेब मला असं म्हणाले" आणि "साहेब मला तसं म्हणाले" यातच हंगाम जातो. म्हणून जालन्याच्या ऑफिसात बसून एकच पत्र लिहिलं. दोघांना शब्दन् शब्द तेच, फक्त वरचं नाव वेगळं. एकाच वेळी ईमेल, आणि नंतर छापील प्रत स्वतः नेऊन द्यायची. डीलरांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, हे आधीच ठरवलं. ग्रुपवर टाकलं असतं तर बाकीच्या डीलरांनी दोघांपैकी कोण चोर ते संध्याकाळपर्यंत ठरवून टाकलं असतं.

मसुदा तीनदा लिहिला. पहिल्यात मी "आपण नियमभंग केला आहे" असं लिहिलं होतं. करारपत्र काढून वाचलं तर तसं म्हणायला जागाच नव्हती. करारात काकांना "अंबड तालुका" आणि भाऊला "घनसावंगी तालुका" एवढंच लिहिलेलं. तालुका कशाचा, ग्राहकाच्या घराचा की जमिनीचा, ते कुठेच नाही. काकांच्या मते गिऱ्हाईक अंबडचं, भाऊच्या मते बाग घनसावंगीची. दोघंही खरं बोलत होते. आरोप काढून टाकला आणि पत्रात एवढंच ठेवलं:

"कार्यक्षेत्र सातबाऱ्यावरच्या गट नंबरवरून धरलं जाईल, ग्राहकाच्या राहत्या पत्त्यावरून नाही. आपल्या क्षेत्राबाहेर मेळावे, फलक, शेतावर जाऊन मागणी आणणं करू नये. ग्राहक स्वतः दुकानात आला तर तो कुठल्याही तालुक्याचा असो, त्याला परत पाठवू नये. मात्र दोन दिवसांत गट नंबरासह त्याची नोंद कंपनीकडे करावी. माल बाहेरच्या डीलरनं विकला तरी जोडणी आणि वर्षभराची सेवा स्थानिक डीलर देईल आणि त्याचा ठरलेला मोबदला त्याला मिळेल. विक्रीचा भाव प्रत्येक डीलर स्वतः ठरवेल. एका डीलरचा भाव कंपनी दुसऱ्याला सांगणार नाही."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

अंबडला काकांच्या दुकानात गेलो तेव्हा ते पीव्हीसीच्या बेंडांची पोती मोजत होते. चहा आला. काकांनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं, पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. "म्हणजे माझ्या गावात राहणारं गिऱ्हाईक माझं नाही?"

"दुकानात आलं तर तुमचंच काका. बापू तुमच्याकडे आले, तुम्ही भाव दिला, त्यात काही चुकलं नाही. नोंद करायची राहिली तेवढं. पण नंतर गाडी काढून त्यांच्या शेतावर गेलात, दुसऱ्या डीलरला नावं ठेवलीत, ते नाही चालणार."

"तुम्हीच तर फोन केला होता."

"केला. ती माझी चूक. भाऊलाही तसंच सांगणार आहे."

काका थोडे सैलावले. मग म्हणाले, "बरं, एक करा. त्या पोराला सांगा, माझ्यापेक्षा खाली जाऊ नको. दोघांचाही फायदा राहील." मार्च जवळ आलेला, वर्षाच्या उलाढालीचा स्लॅब गाठायला काकांना थोडंच कमी पडत होतं, म्हणूनच तर ते ऐंशीवर उतरले होते. मला त्यांची अडचण कळत होती. पण हे मी करू शकत नव्हतो. कंपनी छापील कमाल किंमत ठरवू शकते. डीलरनं त्याखाली विकू नये असा दट्ट्या लावणं स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येतं. डीलरांना सूट देण्यापासून अडवलं म्हणून स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०२१ मध्ये एका मोठ्या मोटार कंपनीला दोनशे कोटींचा दंड केला होता, हे काकांना सांगितलं. "दोनशे कोटी?" म्हणून काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग राहू द्या."

सही मात्र त्यांनी लगेच केली नाही. "माझ्या पोराला दाखवतो" म्हणाले. पत्र चार दिवसांनी सही होऊन आलं.

तीर्थपुरीला वातावरण वेगळं. भाऊनं पाणी विचारलं, चहा नाही. पत्र उभ्यानंच वाचलं. त्याचा आक्षेप बरोबर उलटा होता: "बाग माझ्या तालुक्यात, तर काकांना विकायची मुभा काहून? क्षेत्राला मग अर्थ काय?" मी म्हणालो, क्षेत्र म्हणजे तुम्ही कुठं मेहनत करायची ते, गिऱ्हाईकाच्या पायात बेडी नाही. त्याला ते पटलं असं वाटत नाही. मलाही पूर्ण पटवता आलं नाही, कारण दोन खेपा शेतावर मारून, टेप धरून आराखडा करायचा आणि विक्री दुसऱ्यानं न्यायची, यात त्याचं पेट्रोल तरी गेलंच होतं. सेवेच्या मोबदल्याची ओळ त्यानं दोनदा वाचली. मग मी फोनचं सांगितलं. "तुमचा भाव माझ्याकडून गेला," एवढंच. तो म्हणाला, "मला माहीत होतं." सही तिथंच करून दिली.

पंधरा दिवसांनी बापूंनी माल काकांकडून घेतला, जुनी ओळख म्हणून. दोन नळ्या, वाळूचा फिल्टर, आराखड्याप्रमाणे. जोडणी भाऊच्या पोरांनी केली. मी गेलो तेव्हा ते लॅटरलची शेवटची टोकं उघडी ठेवून पाणी सोडत होते. आधी गढूळ चिळकांडी, मग स्वच्छ धार, मग टोक दुमडून बंद. भाऊ बांधावर उभा राहून ओळी मोजत होता. काकांनी किती लावले, हे त्यानं मला विचारलं नाही.

मार्चच्या शेवटी काकांचा फोन आला. "साहेब, दुकानात एक जण बसलाय, कुंभार पिंपळगावकडचा. गट नंबर घेतलाय मी. आता ते ॲपवर कुठं टाकायचं, तेवढं सांगा."