जेवणानंतर लागलेली उचकी थांबेचना, तेव्हा

उचकी बहुतेकदा जेवताना किंवा जेवण झाल्यावर का लागते, हे मला पोटाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा पातळ स्नायू असतो. त्याच्या डाव्या भागाला खालून अगदी चिकटून जठराचा वरचा फुगीर भाग बसलेला असतो. भराभरा जेवलं की अन्नासोबत बरीच हवाही गिळली जाते, जठर फुगतं आणि त्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना ताण बसतो. तो निरोप मेंदूच्या देठाकडे जातो आणि तिथून श्वासपटलाला आकुंचनाचा हुकूम येतो. झटक्याने श्वास आत ओढला जातो, आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत स्वरयंत्राची फट बंद होते. हवा तिथे अडकते, तोच तो ‘हिक्’ आवाज. अतिगरम, तिखट किंवा सोडा घातलेल्या पेयानेही हेच घडतं. जठर थोडं रिकामं झालं, हवा ढेकरेवाटे निघाली, की ताण जातो आणि उचकी आपोआप थांबते.

माझी थांबली नाही. घरी पुरणपोळी आणि कटाची आमटी होती. जेवून उठलो आणि उचकी सुरू झाली. बायको म्हणाली, “अहो, कोणीतरी आठवण काढतंय, पाणी प्या.” पाण्याने थांबली, पण रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा लागली आणि झोपेपर्यंत चालूच राहिली. दुसऱ्या दिवशी नुसती पेज प्यायलो तरी तेच. बोलताना वाक्य मधेच तुटायचं, घास गिळताना भीती वाटायची, आणि बरगड्यांखाली व्यायाम केल्यासारखं दुखायला लागलं. श्वास रोखून धरला किंवा चमचाभर कोरडी साखर जिभेवर ठेवून गिळली, की थोडा वेळ शांत व्हायचं. हे उपाय खोटे नाहीत. श्वास रोखल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि उचकीचा वेग मंदावतो, तर साखरेचे कण घशातल्या मज्जातंतूंना वेगळीच चाळवणी देतात. पण उचकी सुरू करणारं कारण आतच राहिलं, तर ती परत येणारच.

उचकी ४८ तासांहून जास्त टिकली, की डॉक्टर तिच्याकडे नुसती उचकी म्हणून पाहत नाहीत. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “झोपेत येते का?” माझ्याऐवजी बायकोनेच सांगितलं, “हो, डोळा लागला तरी अंग उडतं, आणि मग ते जागे होतात.” मनाच्या ताणातून आलेली उचकी सहसा झोपेत थांबते. झोपेतही चालू राहणाऱ्या उचकीमागे बहुधा शरीरातलंच कारण असतं. मग त्यांनी माझ्या कानांत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. कानाच्या पडद्याला टेकलेल्या एखाद्या केसामुळेही उचकी लागू शकते, हे मला तेव्हाच कळलं. सध्या कोणती औषधं चालू आहेत हेही विचारलं, कारण काही स्टेरॉइडमुळेही उचकी लागते. त्यानंतरचे प्रश्न मात्र पोटाबद्दल नव्हते. चालताना तोल जातो का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, चेहऱ्याची एक बाजू बधिर आहे का, गिळताना ठसका लागतो का, छातीत दुखतं का. उचकीचं नियंत्रण मेंदूच्या देठात होतं, त्यामुळे तिथला पक्षाघात कधीकधी उचकीनेच सुरू होतो. हृदयाचा खालचा भागही श्वासपटलाला लागूनच असतो, त्यामुळे तिथल्या झटक्यातही उचकी लागू शकते. म्हणून ईसीजी तिथेच काढला. रक्तात सोडियम आणि क्रिएटिनिन तपासायला पाठवलं, कारण मूत्रपिंड मंदावलं किंवा सोडियम खाली गेलं तरी उचकी हटत नाही. माझं सगळं ठीक आलं.

उरला पोटाचाच धागा. मला आंबट ढेकर यायचे, पहाटे घशाशी कडवट पाणी यायचं, आणि उचकी प्रत्येक वेळी जेवणानंतरच जोर धरायची. डॉक्टरांनी एंडोस्कोपी करून घ्यायला सांगितलं. रात्रीपासून उपाशी राहून सकाळी गेलो. घसा बधिर करणारा फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं आणि नळी आत घातली. उचकी चालू असताना नळी गिळणं त्रासाचं होतं, पण काही मिनिटांतच आटोपलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लालसर ओरखडे होते, आणि श्वासपटलातल्या छिद्रातून जठराचा छोटा भाग वर छातीत सरकलेला होता. याला हायटस हर्निया म्हणतात.

उचकी दिवसेंदिवस का टिकली याचं उत्तर इथे मिळालं. जठरातलं आम्ल वर येऊन अन्ननलिकेतल्या मज्जातंतूंना चाळवतं, म्हणून उचकी लागते. आणि उचकीचा प्रत्येक झटका छातीतला दाब एकदम कमी करून आम्ल आणखी वर ओढतो, शिवाय अन्ननलिकेच्या तळाची स्नायूंची कडीही त्या वेळी सैल पडते. म्हणजे आम्लाने उचकी आणि उचकीने आम्ल, असं चक्र चालू राहतं. जठर रिकामं झालं तरी अन्ननलिकेची जखम तशीच राहते. साध्या उचकीत आणि माझ्या उचकीत एवढाच फरक होता.

उपचारही त्याच चक्रावर होते. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळी खाण्याआधी अर्धा तास. हे औषध आम्ल कमी करतं, पण जखम भरायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत उचकीच दाबण्यासाठी बॅक्लोफेन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. याने झोप येते, म्हणून गाडी चालवायची नाही असं बजावलं. क्रिएटिनिन आधी का पाहिलं हेही तेव्हा समजलं. बॅक्लोफेन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाला एवढ्याशा मात्रेनेही भ्रम होऊ शकतो. त्यामुळे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून हे औषध घेऊ नये. घ्यायला लागल्यावर स्वतःहून एकदम बंदही करू नये.

दुसऱ्या दिवसापासून झटक्यांमधलं अंतर वाढत गेलं. आधी रात्रीची झोप परत आली, मग दुपारच्या जेवणानंतरची शांतता. ज्या दिवशी पूर्ण जेवण उचकीविना झालं, त्या दिवशी बायकोने देवापुढे साखर ठेवली. बॅक्लोफेन डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केलं, पँटोप्राझोल मात्र बराच काळ चालू ठेवलं.

घरातले बदल साधे होते, पण मला त्यांचा औषधाइतकाच उपयोग झाला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू साधारण सहा इंच उंच केली. जास्त उशा घेतल्याने हे साधत नाही, कारण कमरेत वाकून पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट वर सरकतं. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, आणि एका वेळी पोट गच्च भरेल इतकं नाही. दुपारी आडवं व्हायचंच झालं तर डाव्या कुशीवर, कारण तसं झोपलं की जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. आपल्याकडची वामकुक्षी त्या दृष्टीने योग्य बाजूची आहे, फक्त जेवल्याजेवल्या लगेच नको.

हर्निया अजून आहेच, गोळीने तो जागेवर जात नाही. तो छोटा आहे, त्यामुळे गोळी आणि पथ्य पुरेसं असेल तोवर शस्त्रक्रियेची गरज नाही असं डॉक्टर म्हणाले. सणाला जरा जास्त जेवलो तर उचकी अजूनही लागते. पण अन्ननलिका बरी झाल्यापासून ती काही मिनिटांतच थांबते, आणि बोलताना माझं वाक्य पूर्ण होतं.