मोठे मणी, लांब भोक आणि स्ट्रॉचा तुकडा

आजी गजरा ओवायला बसली की आमची तीन वर्षांची लेक तिच्या मांडीला चिकटून बसते. तिलाही ओवायचं होतं. पण घरात दहा महिन्यांचं धाकटं बाळ आहे आणि हाताला लागेल ते ते तोंडात घालतं. त्यामुळे मण्यांच्या बाबतीत मी फार कडक होते. किचन टॉवेलच्या रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी आतून साधारण ४ सेंमी रुंद असते. तिच्यातून जो मणी आरपार पडेल तो बाद. खेळण्यांच्या तपासणीतलं नळकांडं याहून अरुंद, सुमारे ३.२ सेंमीचं असतं, म्हणजे माझी चाळणी थोडी जास्तच कडक होती.

शेवटी साडेचार सेंमीचे गोल लाकडी मणी आणले. सोबत बुटाची लेस. दोन मिनिटांत लेकीने मणी भिरकावला. "जातच नाही!"

मला वाटलं, बोटांना अजून जमत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून नीट पाहिलं. ती लेस भोकात बरोबर घालत होती. पण मणी मोठा म्हणजे भोकही तेवढंच लांब, आणि लेसचं कडक टोक जेमतेम सव्वा सेंमीचं. ते आत गेलं की मागची मऊ लेस दुमडायची आणि टोक पलीकडे यायचंच नाही. सुरक्षित मण्याचीच ही अडचण होती, तिच्या बोटांचा काही दोष नव्हता.

मग स्ट्रॉचा आठ सेंमीचा तुकडा घेतला, लेसचं टोक त्यात खुपसलं आणि वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. लेसच्या दुसऱ्या टोकाला एक मणी कायमचा बांधला, म्हणजे ओवलेलं घसरत नाही. आता स्ट्रॉ पलीकडे तीन सेंमी बाहेर डोकवायची. खरं कसब इथेच असतं: डाव्या हाताने मणी धरून ठेवायचा, उजवा सोडायचा, पलीकडे न्यायचा, टोक चिमटीत पकडून ओढायचं. आधी ती दोन्ही हात एकदम सोडायची, तरी स्ट्रॉ आतच राहायची, निसटायची नाही. "सोड, पकड, ओढ," एवढंच मी म्हणायचे. चौथ्या दिवशी तिने सलग पाच मणी ओवले.

जमतंय असं दिसल्यावर स्ट्रॉ कापून सहा सेंमीची केली. पुढे पाच सेंमी रुंद, पण दोनच सेंमी जाड असे चपटे लाकडी आकार आणले. नळीतून ते पडत नाहीत आणि भोक आखूड असल्याने चार सेंमीची स्ट्रॉही पुरते. खरं तर सुरुवातच यांनी करायला हवी होती.

लेस ४० सेंमीचीच ठेवली आहे आणि ती गळ्यात घालायची नाही, हा नियम. खेळ संपला की बारा नग मोजून डब्यात, लेससकट डबा कपाटावर.

आता पुठ्ठ्याला भोकं पाडून शिवणाचा खेळ सुरू केलाय. लेस खाली गेली की पुठ्ठा उलटून त्या बाजूनेच पुढच्या भोकातून वर आणायची, हे अजून तिला उमगत नाही. दर वेळी कडेवरून वळसा घालून पुन्हा वरूनच घालते. सध्या मी पुठ्ठा उभा धरते, म्हणजे तिला दोन्ही बाजू दिसतात.