दाराशी खुर्ची का, तर ऐका

“अगं, दिवाळीत दार कसं भरलेलं दिसायला हवं. तू रांगोळी कोपऱ्यात ढकलतेस आणि दाराशी खुर्ची मांडून ठेवतेस, दवाखान्यासारखी. असं का?”

दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, आणि मी दरवर्षी “असंच” म्हणून चहा टाकायला आत जाते. यंदा लिहूनच टाकते, कारण ‘दवाखान्यासारखी’ हा शब्द मला लागलाय, आणि का लागलाय ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

२०१८ च्या भाऊबीजेपर्यंत माझं दार तुम्हाला हवं तसंच होतं. आमची डोंबिवलीतली जागा, दुसरा मजला, समोरासमोर दोन दारं आणि मधला पॅसेज साडेचार फुटांचा. त्यात मी उंबरठ्यासमोर मधोमध तीन फुटी गोल काढायचे, पाच बोटांनी रांगोळी सोडतात ना तसा, कडेने पणत्यांची रांग, चौकटीला पळणाऱ्या लाइटची माळ आणि दाराच्या उजव्या हाताला चपलांचा प्लॅस्टिकचा रॅक, तोही त्या दिवशी वरचे कप्पे भरून खाली ढीग झालेला. मला तो ढीग आवडायचा. दारात चपला मावत नाहीत म्हणजे घर भरलेलं असतं असं आजी म्हणायची आणि मी ते मनापासून मानायचे, खरं सांगायचं तर अजूनही थोडं मानते.

भाऊबीज आमच्याकडे असते, मामा येतो आणि ओवाळायला आई आणि मावशी. मावशीचं तेव्हा वय ७१, गुडघे दुखरे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं राहिलेलं. संध्याकाळी सातला बेल वाजली, मी ताटातलं निरांजन तसंच ठेवून दार उघडलं. मावशी बाहेर उभी, पायात पट्ट्याची सँडल, बक्कलवाली. ती म्हणाली, “थांब गं, काढते.” आणि ती रांगोळी वाचवत, एका पायावर उभी राहून, दुसऱ्या पायाची पट्टी सोडायला वाकली. तोल गेला तेव्हा तिने आधाराला जो हात टाकला तो रॅकवर. रॅक हलका, वरचे दोन कप्पे भरलेले आणि खालचे रिकामे कारण खालच्या कप्प्यापर्यंत कुणी वाकतच नाही, तो सरळ तिच्या अंगावर आला. ती मागे सरकली ती नेमकी रांगोळीवर. अनवाणी झालेला पाय, खाली गुळगुळीत टाइल, वर रांगोळी, आणि त्या जागी पणतीतून पाझरलेलं तेल. ती हात टेकून पडली.

मनगट मोडलं. उजवं. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर कितीतरी दिवस तिला भाकरी थापता येत नव्हती. मामाला त्या वर्षी तिने डाव्या हाताने ओवाळलं, हॉस्पिटलमधून आल्यावर, रात्री साडेअकराला. त्या वेळी सगळे मला म्हणाले की तुझी काय चूक, वयाचं आहे. मीही दोन वर्षं तेच म्हणत होते. पण मी त्या पॅसेजमध्ये झाडू मारला होता ना, रांगोळीचा लगदा तेलात कालवलेला, चिखलासारखा, आणि त्यात तिच्या टाचेची एक लांब रेघ. ती रेघ मी पाहिली होती. वयाचं नव्हतं ते.

म्हणून खुर्ची. सांगते नीट.

सणाच्या दिवशी पाहुणा दारात आला की त्याला पहिली गोष्ट काय करायची असते? चपला काढायच्या असतात. आणि आपण त्याच जागी रांगोळी, दिवे, माळा, सगळं गर्दी करून ठेवतो आणि त्या माणसाला टेकायला वीतभर जागा ठेवत नाही. हातात मिठाईचा बॉक्स, खांद्याला पर्स, नेसलेली नवी साडी आणि एका पायावर उभं राहायचं. त्यात मी दारात हसत उभी, म्हणजे तिने घाई करायलाच हवी. तरुण माणसाला हे जाणवतही नाही, मलाही तेव्हा जाणवलं नव्हतं. आता दाराच्या डाव्या हाताला हात असलेली खुर्ची असते, बसायची जागा जमिनीपासून साधारण १८ इंच. स्टूल ठेवून बघितलं होतं आधी, चालत नाही, कारण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला बसायला नाही तर उठायला आधार लागतो आणि तो खुर्चीच्या हातांचा असतो. प्लॅस्टिकची हलकी खुर्चीही नको, रेटा दिला की सरकते. आमची जुनी डायनिंगची लाकडी आहे, पायांना रबरी टोप्या लावल्यात, पाठीला आईची जुनी इरकली घालते आणि एका हाताला झेंडूची छोटी माळ गुंडाळते. दवाखान्यासारखी दिसत नाही हो. तुम्ही एकदा बसून बघा.

रॅकचं म्हणाल तर तो आता आत आहे, दाराच्या लगेच उजवीकडे, लाकडी आणि भिंतीत दोन स्क्रूंनी वरून पक्का केलेला. बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही, पॅसेज सगळ्यांचा, आग लागली तर त्याच वाटेने पळायचं असतं, त्यामुळे खुर्चीही मी पाहुण्यांच्या वेळेपुरती बाहेर ठेवते आणि रात्री आत घेते. रॅकचा हिशोब मी एकदाच मांडला आणि डोळे उघडले. एक जोडी शेजारी शेजारी ठेवली की आठ-नऊ इंच खाते. माझा रॅक ३० इंच रुंद, म्हणजे एका कप्प्यात नीट तीनच जोड्या, चार कप्पे, एकूण बारा. आणि आम्ही चार माणसं घरात अकरा जोड्या ठेवून बसलेलो. मग पाहुण्यांच्या चपला ढिगात जाणार नाहीत तर कुठे? तो ढीग घर भरल्याचा नव्हता, आमचेच बूट जागा अडवून बसले होते. (आजीच्या वाड्यात ओसरीवर जागा होती, ढीग ऐसपैस पसरायचा, हे मी विसरले होते.) आता धनत्रयोदशीच्या आधी आमच्या सगळ्या जोड्या पोत्यात भरून दिवाणात जातात, रॅक साबणाच्या पाण्याने पुसून एक रात्र उघडा वाळवते, ओलसर कप्प्यात चपला बंद केल्या की जो वास येतो तो उदबत्तीने जात नाही, उलट दोन्ही मिळून जास्त कळतो. मधले दोन कप्पे वयस्कर माणसांसाठी, वाकायला लागू नये म्हणून, आणि खालचे पोरांना.

एक अडचण आहे आणि ती मला अजून नीट सुटलेली नाही. खुर्ची बाहेर आणि रॅक आत, मग चपला उचलून ठेवायच्या कुणी? मी हात लावला की मावशी ओरडते, “माझ्या चपलेला हात लावू नकोस, पाप देतेस मला.” रॅकजवळ आत बस म्हटलं तर चपला घालून उंबरठा ओलांडायचा नाही, लक्ष्मीच्या दिवसांत तर नाहीच, हेही तिचंच, आणि मला ते पटतं. सध्या माझी भाची ते काम करते, आठ वर्षांची आहे. लहान पोरीने उचलल्या तर मावशीला चालतात, ती तिच्या डोक्यावर हात ठेवते. भाची मोठी झाली की काय, माहीत नाही.

रांगोळी. तुम्हाला सगळ्यात जास्त हेच खटकतं. पांढरी रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, आजीच्या शेणाने सारवलेल्या अंगणात ती मातीला धरून बसायची, आपल्या चकचकीत टाइलवर तिचे कण पायाखाली नुसते गडगडतात. म्हणून मी दोन फुटी प्लायवूडच्या फळीवर काढते. गेरूत पाणी आणि थोडा फेविकॉल घालून फळीला दोन हात देते, फेविकॉल नसला तर गेरू हाताला आणि साडीला लागत राहतो. तो खरखरीत पृष्ठभाग रांगोळी छान धरतो, आणि लाल गेरूवर पांढरी उठून दिसते ती टाइलवर कधीच दिसली नव्हती. फळी भिंतीला टेकून, चालायच्या वाटेबाहेर, म्हणजे अडीच फुटांची वाट मोकळी राहते. लक्ष्मीची पावलं मात्र उंबरठ्यावर असतातच, पण ती कुंकवाच्या ओल्या बोटांनी, अगदी बारीक, वाळली की घसरत नाहीत.

पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवते. कोरी पणती तेल पिते आणि बुडातून सोडते, भिजवलेली कमी सोडते, पण सोडतेच, म्हणून प्रत्येकीखाली छोटी ताटली. हे मला माहीत होतं, आई दरवर्षी करायची. त्या वर्षी मी ऑफिसमधून उशिरा आले आणि पाकिटातल्या नव्या पणत्या तशाच पेटवल्या. ह्याच्यापुढे मला काही म्हणायचं नाही.

आणि ती पळणारी माळ मी काढली नाही, फक्त तिचं बटण दाबत दाबत ‘न लुकलुकता’ वर आणून ठेवते. मावशी नंतर म्हणाली होती, “पायरी कुठं ते कळेना, सगळं हलत होतं.” आमचा उंबरठा ग्रॅनाइटचा, जेमतेम इंचभर वर, रंग टाइलसारखाच. आता दाराबाहेर वरती पिवळसर प्रकाशाचा एक साधा बल्ब आहे, तो उंबऱ्यावर आणि माझ्या तोंडावर पडतो. आधी हॉलची ट्यूब माझ्या पाठीमागून यायची आणि येणाऱ्याला माझा चेहराच दिसायचा नाही, नुसती काळी आकृती. सणाला आलेल्या माणसाला आधी घरच्यांचं तोंड दिसावं, तोरण नंतर. तोरण आहेच, आंब्याची पानं आणि झेंडू, चौकटीच्या बाहेरून, उंच माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतकं ताणून.

आता मावशीचं ऐका, कारण ती माझ्या बाजूची नाहीये. गेल्या वर्षी ती खुर्चीत बसली, सँडल काढली, फळीकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढीशीच काढलीस? माझ्यामुळे ना?” मी म्हटलं नाही. ती म्हणाली, “मोठी काढ गं पुढच्या वर्षी, मी बाजूने येईन.” मला कळेना काय बोलावं. तिच्यासाठी केलं म्हणते मी, आणि तिलाच वाटतं की आपल्यामुळे ह्या घराचं दार लहान झालं.

ह्या वर्षी फळी तीन फुटी करून बघावी का, असा विचार चाललाय, लांबट, भिंतीलगत, म्हणजे वाट तेवढीच राहील. सुताराला विचारलंय. भाऊबीजेला या, खुर्ची असेल.