तुम्ही विचारलंत म्हणून: एकच किडनी आणि क्रिएटिन

‘एक किडनी भावाला दिली. दुसरी ठणठणीत आहे. व्यायाम सुरू केलाय, तर रोज चमचाभर क्रिएटिन घेतलं तर चालेल का?’

आधी तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा, आणि डबा उघडण्याआधी विचारा. क्रिएटिन विष आहे म्हणून मी हे सांगत नाही. निरोगी माणसाच्या किडनीला रोजच्या ३ ते ५ ग्रॅमने अपाय झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण त्या अभ्यासांत किडनीचे रुग्ण सहसा घेतलेलेच नसतात. एकच किडनी असलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. ३५ दिवस क्रिएटिन घेऊनही त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता घटली नव्हती. दिलासा देणारी नोंद आहे, पण माणूस एक आणि महिना एक.

माझी खरी काळजी वेगळी आहे. स्नायूंतल्या क्रिएटिनपासून आपोआप क्रिएटिनिन तयार होतं, आणि तुमची किडनी कशी चालली आहे हे डॉक्टर त्याच क्रिएटिनिनवरून ओळखतात. समजा, ३५ वर्षांच्या किडनीदात्याचं क्रिएटिनिन १.३ आहे. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, साधारण ७३ येतो. क्रिएटिन सुरू केल्यावर तेच १.५ झालं, तर ईजीएफआर ६२ दिसेल. किडनी होती तशीच असेल, रिपोर्ट मात्र घाबरवेल. याच्या उलट घडलं तर जास्त वाईट: किडनी खरोखर बिघडत असेल आणि तुम्ही म्हणाल, ‘छे, ते क्रिएटिनमुळे वाढलंय.’ एकच किडनी असणाऱ्याला ही चूक परवडत नाही.

म्हणून सुरू करण्याआधीचे आकडे हातात हवेत. क्रिएटिनिनसोबत सिस्टॅटिन-सी करून घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तेही किडनीचंच काम दाखवतं, पण क्रिएटिन खाल्ल्याने ते वाढत नाही. थायरॉइडचा त्रास असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर त्याचाही आकडा फसवू शकतो, तेव्हा अर्थ डॉक्टरांनीच लावावा. लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही तपासायला हवं. ते सतत जात असेल तर गाळणीलाच इजा होते आहे, आणि ते क्रिएटिनच्या माथी मारता येत नाही.

किडनीचा आजार आधीच असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा किडनी बदललेली असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय घेऊच नका. १९९८ साली अशा एका रुग्णाची नोंद झाली होती. क्रिएटिन घेताना त्याच्या किडनीचं काम मंदावलं आणि बंद केल्यावर सुधारलं. आणि ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी ‘क्रिएटिनवर भरपूर पाणी प्या’ हा जिममधला सल्ला मुळीच पाळू नये.

डॉक्टर हो म्हणाले तरी सुरुवातीला रोज २० ग्रॅम घेण्याच्या फंदात पडू नका. आणि तपासणीच्या दोन दिवस आधी क्रिएटिन बंद केलं की रिपोर्ट स्वच्छ येईल, असंही समजू नका. स्नायूंतला साठा पूर्ववत व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यापेक्षा रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगा, कधीपासून आणि किती घेताय ते.